चौकट कुठल्या कडेला टेकवायची?

पत्रेवाला
नमस्कार मंडळी. आमचं लेझर कटिंगचं छोटं युनिट आहे. गिऱ्हाईक ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल पाठवतं, आम्ही भाव सांगतो. भाव काढताना पार्टभोवती लहानात लहान आयत किती क्षेत्रफळाचा बसतो ते बघून त्या चौकटीच्या वजनाचा पत्रा धरतो. आतापर्यंत मी पार्ट एकेक अंशाने फिरवून 0 ते 89 अंशांत सगळ्यात छोटी चौकट शोधत होतो. परवा पुतण्या म्हणाला, काका, एवढं फिरवायची गरजच नाही. पार्टची एकेक कड घ्यायची, आयताची एक बाजू त्या कडेला समांतर ठेवायची आणि क्षेत्रफळ मोजायचं. उत्तर त्या मोजक्या कोनांतच मिळतं म्हणे.

मी दोन पार्टवर ताडून पाहिलं. पहिल्यात कडेच्या रीतीने 3000 चौ. सें.मी. आलं आणि अंशाच्या रीतीने 3014. म्हणजे पुतण्या जिंकला. दुसऱ्या पार्टमध्ये, एका ब्रॅकेटमध्ये, कडेच्या रीतीने 3435 आलं आणि अंशाच्या रीतीने 2540! आता कुणाचं खरं मानायचं? हा नियम कुणी सिद्ध केलाय, की नुसती चालत आलेली गोष्ट आहे?

झंप्या
काका, 3435 ने भाव सांगा, 2540 ने कापा. धंदा यालाच म्हणतात.

पत्रेवाला
अरे, मग गिऱ्हाईक परत येईल का?

सांगली_कर
नेस्टिंग सॉफ्टवेअर का वापरत नाही? आमच्याकडे एका शीटमध्ये पार्ट कसे बसवायचे ते तेच ठरवतं. उलटे-सुलटे करून दोन पार्ट एकमेकांत घुसवतं.

पत्रेवाला
नेस्टिंग आहे हो. पण ऑर्डर मिळाल्यावर. मला फोनवर दोन मिनिटांत भाव सांगायचा असतो, तेही एकाच पार्टचा.

लंबकर्ण
पुतण्याचा नियम सिद्ध झालेला आहे. फ्रीमन आणि शापिरा यांनी 1975 साली तो मांडला: बहिर्वक्र बहुभुजाभोवतीच्या सगळ्यात कमी क्षेत्रफळाच्या आयताची निदान एक बाजू बहुभुजाच्या एखाद्या कडेवर चपखल बसते. तेव्हा तुमच्या ब्रॅकेटमध्ये नियम नाही, दुसरंच काहीतरी चुकलंय. दोन्ही पार्टचे कोपरे इथे टाका.

पत्रेवाला
पहिल्याचे टाकतो, सें.मी. मध्ये: A(0,0), B(80,60), C(70,70), D(-10,30). ब्रॅकेटची फाइल दुकानात आहे, उद्या टाकतो.

अनुराधा_ठाणे
लेकाचा आलेखाचा कागद घेऊन बसले आणि पहिला पार्ट हातानेच सोडवला. कुणाला उपयोग झाला तर बघा.

कड AB ची दिशा (80,60), म्हणजे (4,3) धरू. प्रत्येक कोपऱ्यासाठी 4x+3y काढलं: A ला 0, B ला 500, C ला 490, D ला 50. पसारा 500. दिशेची लांबी 5, म्हणून खरी लांबी 100. आता काटकोनातला पसारा, 4y−3x: A 0, B 0, C 70, D 150. पसारा 150, म्हणजे उंची 30. क्षेत्रफळ 3000.

कड CD ची दिशा (2,1). 2x+y: 0, 220, 210, 10, पसारा 220. 2y−x: 0, 40, 70, 70, पसारा 70. गुणाकार 15400, त्याला लांबीच्या वर्गाने म्हणजे 5 ने भागलं की 3080. BC आणि DA या दोन्ही कडांवर 4200 येतं. आहे तसा सरळ ठेवला तर 90 × 70 = 6300.

गंमत अशी की कुठेही साइन-कोसाइन लागलं नाही. वर्गमूळही लागलं ते फक्त पंचविसाचं, आणि तेही टाळता आलं असतं.

झंप्या
ताई, लेकाचा गृहपाठ झाला का मग?

अनुराधा_ठाणे
त्याचा कागद मी संपवला म्हणून तो खूश आहे.

विहीरगाव
एवढं करायची गरजच नाही. सगळ्यात लांब कड बघा आणि तिच्यावर आयत ठेवा. इथेही AB च सगळ्यात लांब आहे ना? 25 वर्षं फॅब्रिकेशनमध्ये आहे, हेच करतो.

कोडवाला_निखिल
आणि ज्यांना कोडच लिहायचंय त्यांनी सरळ पीसीए लावावं. बिंदूंचा मुख्य अक्ष काढा, त्या दिशेला आयत. एका झटक्यात काम. कडा तपासत बसायचं कशाला?

लंबकर्ण
विहीरगावकर आणि निखिल, दोघांना एकच पार्ट देतो. आपली रोजची गसेट प्लेट: 60 × 60 चा चौकोन, एक कोपरा तिरका कापलेला. कोपरे (0,0), (60,0), (60,10), (10,60), (0,60).

तिरकी कड सगळ्यात लांब आहे, 70.7. तिच्यावर आयत ठेवा. x+y चा पसारा 0 ते 70. y−x चा पसारा −60 ते 60, म्हणजे 120. गुणाकार 8400, दोनाने भागून 4200. आणि सरळ ठेवली तर 3600. लांब कडेने 600 चौ. सें.मी. पत्रा जास्त धरायला लावला.

पीसीएचं काय? ही प्लेट x=y या रेषेभोवती सममित आहे. मुख्य अक्ष त्या रेषेवर तरी येणार, नाहीतर तिच्या काटकोनात. दोन्हीकडून 4200 च. पीसीए सांगतं की वस्तुमान कुठे पसरलंय. चौकटीला मात्र चार टोकाच्या बिंदूंपलीकडे कशाशीच घेणंदेणं नाही.

विहीरगाव
हं. गसेट आम्ही तशीही सरळच ठेवतो, डोळ्याला दिसतंच ना. पण मान्य, नियम म्हणून लांब कड चालणार नाही.

कोडवाला_निखिल
ओके, पीसीए मागे घेतो. पण मला अजून पटलेलं नाही की उत्तर कडेवरच का असावं. दोन कडांच्या मधल्या एखाद्या कोनात कमी क्षेत्रफळ का असू नये? नियम आहे म्हणून मानायचं का?

लंबकर्ण
चांगला प्रश्न. पार्ट टेबलावर ठेवा आणि बाहेरून चार पट्ट्यांची चौकट आवळा. प्रत्येक पट्टी एका कोपऱ्याला टेकलेली आहे. आता चौकट थोडी फिरवा. जोवर तेच चार कोपरे टेकलेले आहेत, तोवर समोरासमोरच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे त्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर गुणिले कुठल्याशा कोनाचं कोसाइन. कोसाइनचा आलेख धन बाजूला उपड्या वाटीसारखा असतो. म्हणजे लांबी उपडी वाटी आणि रुंदीही उपडी वाटी.

कोडवाला_निखिल
आलं लक्षात! उपडी वाटी गुणिले उपडी वाटी म्हणजे उपडी वाटीच. उपड्या वाटीत सगळ्यात खालची जागा काठावर असते.

लंबकर्ण
निष्कर्ष बरोबर, मधली पायरी चूक. x आणि 1−x हे दोन्ही उपड्या वाटीचे टोकाचे प्रकार, सरळ रेषा. त्यांचा गुणाकार उपडी वाटी येतो. पण x गुणिले x बघा, वाटी सरळ होते. गुणाकाराचा भरवसा नाही.

वाट अशी आहे: क्षेत्रफळाऐवजी त्याचा लॉगरिदम घ्या. धन उपड्या वाटीचा लॉग उपडाच राहतो, आणि लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. उपड्या अधिक उपड्या म्हणजे उपडीच. लॉग सगळ्यात कमी जिथे, क्षेत्रफळही सगळ्यात कमी तिथेच. तेव्हा खालचा बिंदू मध्ये असूच शकत नाही, तो काठावर असतो. आणि काठ कधी येतो? टेकलेला कोपरा बदलतो तेव्हा. कोपरा बदलायचा तर पट्टी त्या क्षणी दोन कोपऱ्यांना एकदम टेकलेली हवी, म्हणजे एका अख्ख्या कडेवर आडवी. झालं.

अनुराधा_ठाणे
पट्ट्यांच्या चित्राने समजलं. म्हणजे एकेक अंशाने फिरवणाऱ्याला 3014 का मिळतं तेही कळलं. AB चा कोन 36.87 अंश आहे. 36 आणि 37 दोन्ही त्याच्या आजूबाजूला पडतात, नेमका कोन हुकतो. मी 37 अंशाला काढलं तर साधारण 3020 आलं.

लंबकर्ण
अगदी. आणि तिथे आलेखाला टोकदार खाच आहे, सपाट तळ नाही. म्हणून कोन थोडा हुकला तरी क्षेत्रफळ लगेच वर चढतं. 100 सें.मी. लांबीवर 0.13 अंश हुकला की उंचीत 2 मि.मी. ची भर पडते.

मिलवॉकीकर
मी पार्सलच्या कामात आहे. आमच्याकडे वाकड्यातिकड्या वस्तूला लहानात लहान खोका हवा असतो. हीच युक्ती तिथे चालेल ना? वस्तूचं एक सपाट अंग खोक्याच्या तळाशी ठेवायचं, मग वरून बघून आयत काढायचा.

लंबकर्ण
नाही, तिथे फसाल. चार समान त्रिकोणांचा पिरॅमिड घ्या, कड 1. एक अंग तळाशी ठेवलं तर खोक्याचं घनफळ 0.707 येतं. पण तो पिरॅमिड घनात असा बसतो की त्याची प्रत्येक कड घनाच्या एकेका अंगाचा कर्ण होते. मग घनाची बाजू 0.707, घनफळ 0.354. बरोबर निम्मं! आणि त्यात पिरॅमिडचं एकही अंग खोक्याच्या अंगाला चिकटलेलं नाही. तिथला नियम ओ'रूर्क यांनी 1985 साली दिला: सर्वांत लहान खोक्याच्या शेजारच्या दोन अंगांवर वस्तूची एकेक कड टेकलेली असते. अंग टेकेलच असं नाही. काम बरंच वाढतं.

मिलवॉकीकर
आमच्या गोदामात कर्णावर उभा पिरॅमिड कोण ठेवणार! पण माहिती भारी आहे.

कोडवाला_निखिल
काकांसाठी कोड. अनुराधाताईंनी हाताने केलं तेच आहे, कोन कुठेच नाही:

```python
def best_rect(P):
    best = None
    n = len(P)
    for i in range(n):
        ax, ay = P[i]
        bx, by = P[(i + 1) % n]
        dx, dy = bx - ax, by - ay
        L2 = dx*dx + dy*dy
        if L2 < 1e-6:
            continue
        s = [dx*x + dy*y for x, y in P]
        t = [dx*y - dy*x for x, y in P]
        A = (max(s)-min(s)) * (max(t)-min(t)) / L2
        if best is None or A < best[0]:
            best = (A, i)
    return best
```

`L2` ची ती ओळ काढू नका. डीएक्सएफमध्ये एकच कोपरा दोनदा येणं रोजचंच. मग कडेची लांबी शून्य आणि शून्याने भागाकार.

टेकाडे_भाऊजी
निखिल, तू प्रत्येक कडेसाठी सगळे बिंदू परत तपासतोयस. फिरत्या कॅलिपरने एकाच फेरीत होतं. टूसाँ यांचा 1983 चा लेख आहे. कडा क्रमाने घेतल्या की टेकणारे कोपरेही एकाच दिशेने पुढे सरकतात, मागे जावं लागत नाही.

कोडवाला_निखिल
हो भाऊजी, पण काकांच्या पार्टला कोपरे फार तर 40. चाळीस गुणिले चाळीस, 1600 वेळा. फोनसुद्धा डोळा मिटायच्या आत करेल. कॅलिपर लिहिताना चार काटे सांभाळायचे आणि समांतर कडा आल्या की कुठला आधी सरकवायचा यात माझा एक रविवार गेला होता.

टेकाडे_भाऊजी
लाखभर बिंदू आले की मग आठवेल मी.

पत्रेवाला
माफ करा, काल लोड होता. ब्रॅकेटचे कोपरे. V सारखा आहे, 120 अंशाचा, दोन्ही हात 50 सें.मी., पट्टी 5 सें.मी. रुंद. बाहेरचा कोपरा (0,0), मग (50,0), (50,5), मग आतला कोपरा, मग (-20.67,45.8), (-25,43.3).

लंबकर्ण
सापडला चोर. "आतला कोपरा" म्हणालात ना? हा पार्ट बहिर्वक्र नाही, आत खोबणी आहे. आधी त्याच्याभोवती रबर बँड ताणायचा, म्हणजे कॉन्व्हेक्स हल काढायचं आणि मग त्या रबर बँडच्या कडा तपासायच्या. तुमच्या प्रोग्रॅमने पार्टच्या स्वतःच्या कडा घेतल्या.

अनुराधा_ठाणे
थांबा, मी करते! रबर बँड (50,5) पासून (-20.67,45.8) पर्यंत हवेतून जातो. तिथे पार्टची कडच नाही. म्हणून ती दिशा यादीत आलीच नाही. त्या दिशेला लांबी 86.6, उंची 29.3, क्षेत्रफळ 2540. आणि हाताच्या कडेवर 75 × 45.8 = 3435. काकांचे दोन्ही आकडे जुळले!

पत्रेवाला
म्हणजे 1 अंशवाली रीत बरोबर निघाली?

अनुराधा_ठाणे
या पार्टला हो, कारण ती दिशा आडव्या हातापासून बरोबर 30 अंशावर आहे. पूर्ण अंश सापडला हा योगायोग.

कोडवाला_निखिल
मी लिहायला हवं होतं की `P` म्हणजे हलचे कोपरे, पार्टचे नाहीत. चूक माझी. आतल्या कडा यादीत राहिल्या तर नुकसान नाही, फक्त फुकटचे उमेदवार. पण हवेतली कड गळाली की उत्तर चुकतं, आणि कोड तक्रारही करत नाही. आयत पार्टला झाकतोच, फक्त मोठा असतो.

विहीरगाव
तेच तर. चुकीचं उत्तरही बरोबर दिसतं. म्हणून मी डोळ्याने बघतो.

सांगली_कर
अजून एक. डीएक्सएफमध्ये गोलाई असेल तर तुम्ही तिचे छोटे सरळ तुकडे करता ना? ते बिंदू गोलाईवर असतात, पण मधला सरळ तुकडा गोलाईच्या आतून जातो. 300 मि.मी. त्रिज्येची गोलाई 10-10 अंशांच्या तुकड्यांत मोडली तर मधला फुगा 1.14 मि.मी. बाहेर राहतो. चौकट तेवढी लहान निघते. शिअरवर नेमका तोच आयत कापला तर गोलाई चपटी होईल.

पत्रेवाला
हे आमच्याकडे झालंय! फ्लँजच्या कडेला नखाएवढा सपाट भाग आला होता. आम्ही मशीनला दोष दिला होता. आता 1 अंशाचे तुकडे करतो.

सांगली_कर
त्यापेक्षा चौकटीला थोडं मार्जिन द्या. चारही बाजूंनी 5 मि.मी.

कोडवाला_निखिल
मार्जिन दिलं की कडेचा नियम मोडेल का? क्षेत्रफळाचं सूत्र तर बदललं.

लंबकर्ण
मोडत नाही. उपड्या वाटीत कितीही धन आकडा मिळवा, ती उपडीच राहते. लॉगवाली युक्ती तशीच चालते. कुठली कड जिंकते ते मात्र बदलू शकतं, कारण मार्जिनमुळे घेरालाही वजन येतं. पहिल्या पार्टमध्ये AB ची चौकट 100 × 30, घेर 260. CD ची 98.39 × 31.30, घेर 259.4. म्हणजे घेराच्या स्पर्धेत CD जिंकते! क्षेत्रफळात फरक 80 असल्याने 5 मि.मी. मार्जिनने निकाल बदलत नाही, पण ही दोन वेगळी उत्तरं आहेत हे ध्यानात असू द्या.

विहीरगाव
तुमच्या चौकटी ठीक आहेत, पण शीट 1250 × 2500 मि.मी. ची येते. 31.30 चार वेळा घेतले तर 125.2 होतात, 125 मध्ये बसत नाहीत. 30 चार वेळा बसतात. मी 100 × 30 चे कागद कापून बघितले: चार-चारच्या दोन रांगा, आणि उरलेल्या 50 सें.मी. पट्टीत एक उभा. नऊ. 31.3 वाल्याचे सात. दोन मिलिमीटरही नाही, अन् दोन पार्ट गेले.

झंप्या
विहीरगावकर, दोन सें.मी. पेक्षा कमी म्हणायचंय का? फरक 1.3 सें.मी. आहे.

विहीरगाव
हो हो, 13 मि.मी. पण शीटच्या काठावर खरी मारामारी 2 मि.मी. चीच झाली: 125.2 आणि 125. त्याने चौथी रांग गेली.

सांगली_कर
आणि पार्टला बेंड असेल तर? पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेला समांतर बेंड घेतला की जाड पत्रा बाहेरून तडकतो. मग चौकट मनाला येईल तशी फिरवता येत नाही. गणितातला आयत मोकळा फिरतो, पत्र्यातला नाही.

लंबकर्ण
तिथे माझं गणित थांबतं. दिशेवर बंधन असेल तर उत्तर कडेवरच येईल असं नाही. परवानगीच्या कोनांच्या टोकावरही येऊ शकतं. तेवढे दोन कोन यादीत घाला.

पत्रेवाला
सगळ्यांचे आभार. पहिला पार्ट 8 मि.मी. चा होता. 0.30 चौ. मीटरच्या चौकटीचं वजन 18.84 किलो. सरळ ठेवून भाव सांगितला असता तर 39.6 किलो धरलं असतं. ब्रॅकेटचा हल पुतण्याने काढला, 2540 च आलं. गिऱ्हाइकाला नवा भाव कळवला. तो म्हणतो, आता V चे दोन-दोन एकमेकांत घालून कापा आणि अजून कमी करा.

झंप्या
म्हटलं होतं ना काका, 3435 च सांगा.

सांगली_कर
नेस्टिंग सॉफ्टवेअरचं मी माझ्या पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं होतं.